एकटी असताना ऐक

“बरं,” सुहासराव म्हणाले. मग मान तिरकी करून पुन्हा म्हणाले, “बरं!” आणि मग खुर्चीत रेलून, डोळे अर्धवट मिटून, “ब-रं.”

जेवणाचं टेबल, समोर माझा फोन, आणि फोनवर माझ्या बहिणीनं पाठवलेलं हे एका शब्दाचं उत्तर. माझा नवरा ते सहा तऱ्हांनी म्हणून दाखवत होता. रागाचं बरं, मायेचं बरं, थकलेलं बरं, टाळलेलं बरं. बाकीची दोन मला आठवत नाहीत, कारण तोवर मी उठून ताटं उचलायला लागले होते.

सुहासराव बँकेत नोकरी करायचे आणि शनिवार-रविवारी सूत्रसंचालन. सत्कार, वाढदिवस, गाण्यांचे कार्यक्रम. कुठंही माइक दिसला की हे ‘रसिकहो’ म्हणून सुरू. आवाज चांगला होता, नाही म्हणत नाही. पण त्या आवाजावर त्यांचं स्वतःचं इतकं प्रेम होतं की कोथिंबीर आणायची का, हे विचारायलासुद्धा मला दीड मिनिटाची व्हॉइस नोट यायची. सुरुवातीला खाकरणं, मधे एक विनोद, शेवटी ‘कळव मग’. मी सोलापूरच्या कोर्टात लघुलेखिका. दिवसभर लोकांची बोलणी कागदावर उतरवणारी बाई. ज्या गोष्टीला चार शब्द पुरतात तिच्यासाठी दीड मिनिट कान द्यायचा मला संताप यायचा. मी त्या नोटा न ऐकताच ‘हो’ लिहून पाठवायचे. एकदा त्यामुळं घरात तीन किलो सुरण आला.

पण त्या दिवशी प्रश्न सुरणाचा नव्हता. कुमुदताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आईपेक्षा जास्त मला तिनंच वाढवलं. आणि दोन वर्षांपूर्वी, आईच्या तेराव्याला, भरल्या घरात, मी तिला म्हणाले होते, “तू आईची सेवा नाही केलीस, ताई. तू हजेरी लावलीस.” आईच्या शेवटच्या चार महिन्यांत ती बार्शीहून दर आठवड्याला यायची, आईच्या खोलीत पाच मिनिटं बसायची आणि उठायची. त्या खोलीत काय चालायचं ते मी दारातून पाहत होते, आणि माझं डोकं फिरत होतं. ते मी असं बाहेर काढलं. ताईनं पिशवी उचलली आणि बार्शीला गेली, ती गेलीच.

आता तिच्या केतकीचं लग्न होतं. सख्ख्या मावशीला पत्रिका आली ती कुरिअरनं. अक्षता नाहीत, कुणी घरी येणं नाही, फोन नाही. वर छापील ‘सौ. व श्री. कोठावळे सहपरिवार’. सरकारी कचेरीतल्या ओळखीच्या कारकुनाला पाठवतात तशी. मी पंधरा मिनिटं ती हातात धरून बसले आणि मग ताईला लिहिलं, ‘ताई, पत्रिका मिळाली. झालं गेलं विसरून जा. लग्नाला येते आहे.’

त्यावर आलेलं ते ‘बरं’. चार दिवस मी ते काढून बघत होते.

“चूक तुझीच आहे,” सुहासराव म्हणाले. “तू मनात हात जोडून लिहिलंस. पण हात काही कागदावर उमटत नाहीत. तिनं काय वाचलं? ‘विसरून जा.’ हुकूम! जणू चूक तिची आणि माफी तू देतेयस.”

“मला तसं म्हणायचं नव्हतं.”

“तेच सांगतोय. बोलली असतीस तर कळलं असतं. शब्दाला चेहरा नसतो, वैजू. आवाजाला असतो.”

हे वाक्य त्यांनी कुठल्या तरी कार्यक्रमात आधी वापरलेलं असणार, याबद्दल मला शंका नाही. पण ते खरं होतं, आणि ते त्यांच्या तोंडून आलं याचाच जास्त राग आला.

“मग फोनच करते,” मी म्हणाले.

“ती उचलेल?”

नसता उचलला. दोन वर्षांत मी तीनदा केला होता. आणि उचलला असता तर मी काय बोलले असते? ती गप्प राहिली असती, मी लग्नाच्या हॉलची चौकशी केली असती आणि संपलं असतं. नोट पाठवली तर निदान मला शेवटपर्यंत बोलता येईल आणि तिला लगेच उत्तर द्यायला लागणार नाही, हे सुहासरावांचं म्हणणं मला पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही सुचत नव्हतं.

मी आधी कागदावर मसुदा केला. स्वल्पविरामासकट. तो फोनसमोर वाचला आणि सुहासरावांना ऐकवला. ऐकताना ते कपाळाला हात लावून बसले.

“हा जबाब झाला,” ते म्हणाले. “‘सदर प्रसंगी माझ्याकडून अनुचित उद्गार निघाले.’ अगं, बहीण आहे ती! वाचून दाखवायचं असेल तर लिहूनच पाठव. आवाज पाठवायचा तर कागद फेकून दे. आणि मी घरात असताना करू नकोस, तू माझ्याकडे बघतेस.”

इतकं बरोबर माणसानं बोलू नये. मी कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात दुपारच्या सुट्टीत मी जुन्या फायलींच्या खोलीत गेले. तिथं कुणी फिरकत नाही. बटण दाबून धरलं आणि म्हणाले, “ताई, मी वैजू बोलतेय. हे एकटी असताना ऐक. घरात कुणी नसताना.” एवढ्यात घामानं बोट सटकलं, आणि नोट गेली. नऊ सेकंदांची. ठीक आहे, म्हटलं, सूचना तर पोचली. मग बटण वर सरकवून कुलूप लावलं, म्हणजे बोट धरायला नको, फोन फायलींवर ठेवला आणि बोलत सुटले.

काय बोलले ते मी ठरवलं नव्हतं. मी करमाळ्याबद्दल बोलले. ताईचं एक लग्न आधी झालं होतं, विसाव्या वर्षी, करमाळ्याला. आईनं हट्टानं करून दिलेलं. आठ महिन्यांनी ती परत आली, एक ट्रंक घेऊन, आणि कपाळावर खोक. त्या घराचं नाव आमच्याकडं पुन्हा कुणी काढलं नाही. बारा वर्षांनी बार्शीच्या भाऊजींनी सगळं माहीत असून तिच्याशी लग्न केलं, आणि त्यांच्याही घरात ते भाऊजी आणि त्यांच्या आईवडलांपलीकडं गेलं नाही. मी बोलले की तू परत आलीस तेव्हा मी सहा वर्षांची होते, तू माझ्या अंथरुणात येऊन झोपायचीस आणि रडायचीस, आणि मला वाटायचं की तू माझ्यासाठी परत आलीयस, म्हणून मी खूश होते. बोलले की ज्या बाईनं इतकं सोसून मला वेणीफणी करून शाळेत पाठवलं, तिला मी हजेरी लावलीस म्हणाले. माझी जीभ झडली का नाही. मग मला रडू आलं, चांगलं मोठ्यानं, आणि ते मी थांबवलं नाही. चार मिनिटं चाळीस सेकंद. पुन्हा ऐकून न बघता पाठवलं.

आयुष्यात कुणाला इतकं खरं मी कधी लिहिलं नव्हतं. लिहिता आलंच नसतं. ‘माझी जीभ झडो’ असं लिहून बघा, नाटकी वाटतं. रडत म्हटलं की नाही वाटत. सुहासरावांना मी मनातल्या मनात दहापैकी आठ गुण दिले.

त्या दिवशी ताईनं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वीसला, साक्षीदाराची उलटतपासणी चालू असताना, मी टेबलाखाली फोन बघितला. दोन्ही नोटांवरचे माइक निळे झाले होते. ऐकलं! दोन्ही ऐकल्या! मला इतका आनंद झाला की साक्षीदाराच्या ‘नाही’चं मी ‘होय’ लिहिलं, आणि न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

दीड वाजता केतकीचा फोन आला.

“मावशी, तू आईला काय पाठवलंस?”

“का? काय म्हणाली?”

“ती काय म्हणणार! सगळ्या घरानं ऐकलं ते. आज हळदीचं जातं मांडलंय. पंधरा बायका होत्या. माझ्या होणाऱ्या सासूबाई शालू दाखवायला आल्या होत्या. त्यांच्यासमोर वाजलं ते. करमाळा, ट्रंक, खोक, सगळं.”

मला आधी वाक्यच कळेना. “मी म्हटलं होतं एकटी असताना ऐक.”

“कुठं म्हटलं होतंस?”

“पहिल्या नोटमध्ये.”

“मावशी,” केतकी म्हणाली, आणि तिच्या आवाजात जी कीव होती ती मी अजून विसरलेले नाही, “ते ऐकल्याशिवाय कसं कळणार की ऐकायचं नाही म्हणून? एक संपली की दुसरी आपोआप सुरू होते. आईनं ती थांबवली नाही.”

वीस वर्षं मी अर्जांवर ‘गोपनीय’ लिहितेय. पाकिटाच्या बाहेर लिहितात ते, आत नाही. कुठल्याही शिपायाला ते कळतं. मला कळलं नव्हतं. एक ओळ टाइप करायची होती, ‘आवाजात निरोप पाठवतेय, खासगी आहे’, की ती वाचून ताईनं फोन बाजूला ठेवला असता.

“पण इतक्या मोठ्यानं कशाला? कानाला लावला असता तर कुणाला ऐकू गेलं नसतं.”

“तिचा फोन कायम तसाच असतो, फुल आवाजात. कानाला लावून तिला भागत नाही.”

“आणि साडेचार मिनिटं कुणी बंद नाही केलं?”

“रडणारा आवाज कोण बंद करतं, मावशी?” ती म्हणाली. आणि मग, “आईचं आधी लग्न झालेलं मला सत्ताविसाव्या वर्षी पंधरा बायकांबरोबर कळलं. थँक्यू हं.”

मी सुट्टी टाकली आणि बार्शीची एसटी धरली. वाटेत सुहासरावांची व्हॉइस नोट आली, ‘कशी पोचली आपली नोट?’ मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

मांडवाच्या घरात मी शिरले तेव्हा अंगणात जातं चालू होतं, आणि मला बघून ओव्या म्हणणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. त्या गप्प होण्यात जो आनंद होता तो मी ओळखते. कोर्टात घटस्फोटाची केस ऐकायला येणाऱ्या रिकामटेकड्यांच्या तोंडावर तोच असतो. विहीणबाई अजून गेल्या नव्हत्या. शालूची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला म्हणाल्या, “या. चाळीस वर्षांपूर्वीचं कुणाला काय त्याचं? आमचं काही म्हणणं नाही.” मोठं मन. ते दाखवायला पाच तास थांबल्या होत्या बिचाऱ्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या साऱ्या भावकीला करमाळा तोंडपाठ झाला असणार. पण लग्न मोडत नव्हतं, आणि त्यासाठी मी त्यांच्या पाया पडले. खाली वाकले ते मनापासून.

ताई आतल्या कोठीच्या खोलीत होती, लाडवांच्या डब्यांमध्ये. दोन वर्षांत केस सगळे पांढरे झाले होते. मी दार लोटलं आणि तिथंच उभी राहिले.

“ताई, माझं चुकलं,” मी म्हणाले.

“काय?”

“माझं चुकलं गं.”

ती माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्यांकडं नव्हे, ओठांकडं. मग म्हणाली, आणि केवढ्या मोठ्यानं, “वैजू, मला ऐकू येत नाही. डावा गेलाच आहे. उजवा थोडा आहे. मशीन लावलं तर कल्ला होतो नुसता, काढून ठेवलंय.”

मी खाली बसले.

“काय पाठवलंस ते मला कळलं नाही,” ताई म्हणाली. “तू रडत होतीस एवढं कळलं. मला वाटलं तुझ्या घरी काहीतरी झालं, म्हणून बंद केलं नाही, सगळ्यांना म्हटलं ऐका काय म्हणतेय. मग ह्या बायकांची तोंडं बघितली. आता विचारते तर कुणी सांगत नाही. केतकी तर बोलतच नाही. काय म्हणालीस तू?”

म्हणजे पंधरा बायकांनी ऐकलं होतं, विहिणीनं ऐकलं होतं, केतकीनं ऐकलं होतं, आणि ज्या एका बाईसाठी मी फायलींवर डोकं टेकून रडले होते तिच्यापर्यंत एक शब्द पोचला नव्हता. सुहासरावांचं ते चेहऱ्याचं वाक्य मला आठवलं. आवाजाला चेहरा असेल. आधी समोरच्याला कान आहे का ते बघावं लागतं, आणि दोन वर्षं बहिणीचं तोंड न बघणाऱ्या माझ्यासारख्या बाईला ते कुठून माहीत असणार.

“मोठ्यानं सांगू?” मी ओरडून विचारलं.

बाहेरचं जातं थांबलं. ताईनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “नको,” ती म्हणाली. “लिही.”

मग आम्ही दोघी बहिणी, गुडघ्याला गुडघा लावून, एका डब्यावर बसलो आणि मी तिच्या ‘बरं’च्या खाली, त्या निळ्या माइकांच्या खाली, टाइप करायला लागले. काल जे साडेचार मिनिटांत वाहून गेलं होतं ते एकेक ओळ करून. ट्रंक. अंथरूण. वेणीफणी. मी जे म्हणाले ते. या वेळी मी ‘विसरून जा’ लिहिलं नाही. ‘मी वाईट बोलले, मला माफ कर’ असं लिहिलं. नुसतं वाचलं तर कोरडं दिसतं. पण मी शेजारी होते, आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं, ते ती बघत होती. ताई चष्मा लावून प्रत्येक ओळ दोनदा वाचायची.

वाचून झाल्यावर तिनं चष्मा पदरानं पुसला.

“हजेरीच होती ती,” ती म्हणाली. “खरं सांगू? आईचा आवाज शेवटी पार बसला होता. तेव्हाच माझे कान चालले होते, कुणाला सांगितलं नव्हतं. ती काहीतरी विचारायची, दर वेळी तेच, तिचे ओठ सारखे तसेच हलायचे. दातही नव्हते, ओठांवरून कळायचं नाही. मी आपली ‘हो हो’ म्हणायची आणि उठायची. बसवेना गं. आई बोलतेय आणि आपल्याला कळत नाही.”

मला ते कळत होतं.

मी दारात उभी असायचे आणि माझे कान शाबूत होते. आई दर वेळी विचारायची, “कुमे, करमाळ्याचा राग आहे का गं अजून माझ्यावर?” आणि ताई म्हणायची, “हो हो,” आणि उठून जायची. मरणाऱ्या बाईला. चार महिने. आई मग भिंतीकडं तोंड करून पडायची. म्हणून मी हजेरीचं बोलले होते. इतकी दगडाची बहीण मला बघवत नव्हती. दोन वर्षं मी स्वतःला वाईट म्हणत होते ते फक्त चारचौघांत बोलल्याबद्दल. जे बोलले ते खरंच होतं अशी आतून खात्री होती. फोनवर रडले तेव्हासुद्धा होती. जगात मी ज्यांना ज्यांना तुच्छ मानलं आहे, सुहासरावांसकट, त्या सगळ्यांच्या खाली त्या क्षणी मी होते.

“तू असायचीस तिथं,” ताई म्हणाली. “तुला ऐकू यायचं. काय विचारायची आई?”

ती माझ्या ओठांकडं बघत होती. मी बोलले असते तर पकडले गेले असते. बहिरी असली तरी चौदा वर्षांनी मोठी आहे. माझा घसा कुठं अडकतो ते तिला दिसलं असतं. आवाजात मला काही लपवता येत नाही, हे कालच सिद्ध झालं होतं. मी मान खाली घातली आणि फोनवर टाइप केलं. अक्षरं सगळी सारखी, खऱ्याची आणि खोट्याचीही. एकही थरथरत नव्हतं.

‘विचारायची, कुमे, जेवलीस का?’

तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग फोन खाली ठेवला आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दोन वर्षांत, खरं तर करमाळ्यापासून, पाहिलं नव्हतं.

“मग मी ‘हो हो’ म्हणायची ते बरोबरच होतं की गं!” ताई म्हणाली, सगळ्या घराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

मी ‘हो’ अशी मान हलवली. तोंड उघडलं नाही.